सात नंबरची खोली

इस्पितळासमोरच्या लॉजवर मॅनेजरकाका एकतीस वर्षं होते. त्यांच्या वहीत प्रत्येक खोलीची एक ओळ, प्रत्येक रात्रीचा एक चौकोन. बुकिंग आलं की पेन्सिलीची रेघ. आधीची रेघ मध्ये आली की काका म्हणायचे, "नाही हो, भरलीय."

मग मालकांनी संगणक आणला आणि प्रोग्रॅम लिहायला मला, काकांच्या जुन्या शेजाऱ्यांच्या मुलीला, बोलावलं. काका सगळ्यांना सांगत, "आमच्या पोरीने केलाय." मी उगाच फुशारले.

तीन महिन्यांत सात नंबरची खोली दोनदा एकाच रात्रीसाठी दोघांना दिली गेली. दुसऱ्या वेळी एका पेशंटच्या बायकोला ऑपरेशनच्या आदल्या रात्री बाकावर बसून राहावं लागलं. मालक भडकले. काका म्हणाले, "मी बघितलं होतं. संगणक खोली रिकामी दाखवत होता." मालकांसमोर मी म्हणाले, "काका, प्रोग्रॅम चुकत नाही. तुम्ही बघायचं विसरला असाल."

काकांचा चेहरा पडला. त्यांच्या वडिलांना शेवटी घरचे लोकही ओळखू येत नव्हते, हे मला ठाऊक होतं. आठवड्याभरात त्यांनी स्वतःहून नोकरी सोडली.

सहा महिन्यांनी काकांच्या जागी आलेल्या नव्या मुलीच्या हातूनही तेच झालं. ती तर पंचविशीची. तेव्हा कुठे मी सगळ्या नोंदींवर एकमेकांवर आलेली बुकिंग शोधणारी एकच क्वेरी चालवली. खोली तीच, पहिल्याचं येणं दुसऱ्याच्या जाण्याआधी आणि दुसऱ्याचं येणं पहिल्याच्या जाण्याआधी. एक सकाळी गेला आणि दुसरा त्याच दिवशी आला, तर ती टक्कर नव्हे. जोडी दोनदा येऊ नये म्हणून पहिल्याचा नोंद क्रमांक लहान.

अकरा जोड्या निघाल्या; बऱ्याचशा बुकिंग रद्द झाल्याने कधी कळल्याच नव्हत्या. सगळ्यांची तऱ्हा एकच. आधीचं बुकिंग समजा दहा ते बारा तारखेचं, नंतरचं आठ ते पंधराचं. माझा प्रोग्रॅम एवढंच विचारायचा, की नव्याची येण्याची किंवा जाण्याची तारीख जुन्याच्या मध्ये पडते का? आठ पडत नाही, पंधराही नाही. म्हणजे खोली रिकामी! काकांच्या पेन्सिलीला हे पहिल्या फटक्यात कळलं असतं. मला माझीच लाज वाटली.

त्या अकरा जोड्यांचा कागद घेऊन काकांच्या घरी गेले. दाराला चिठ्ठी होती, 'किल्ली घेतली का?' गॅसपाशी दुसरी. काकू हळूच म्हणाल्या, "हल्ली एकटे बाहेर जात नाहीत गं. स्वतःवर भरवसाच नाही राहिला."

काकांनी अकराही ओळी बोट ठेवून वाचल्या. एका ओळीवर थांबले. "ही नोंद तर माझ्या सुट्टीच्या दिवसाची."

"हो काका. चूक माझी होती. तुम्ही काही विसरला नव्हतात."

काकांनी खिशातली पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली.

"खाली लिहून दे बाळ, मी विसरलो नव्हतो म्हणून. सकाळी माझ्या ध्यानात राहायचं नाही."