फायनल झाल्यावर रेकॉर्ड करू

मी परभणीत घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी मजकूर लिहिते. मराठी पुस्तकं मोबाइलवर ऐकायची, वाचायची, महिन्याची वर्गणी भरायची, असं त्यांचं काम. एकदा त्यांना रोज लांबचा रेल्वेप्रवास करणाऱ्यांसाठी जाहिरातीचं पान हवं होतं. वर मथळा, मोबाइलच्या पडद्यावर दोन ओळींत मावणारा. त्याखाली साठेक शब्दांचा परिचय. मी एका बैठकीत लिहून टाकलं: ‘प्रवासाचा वेळ सत्कारणी लावा.’

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाचून दाखवलं. अप्पांनी चहाचा कप खाली ठेवला.

“हे पंचायत समितीच्या भिंतीवरचं वाटायलंय माय,” ते म्हणाले. “गाडीतल्या माणसाला कामून शानपन शिकवायलीस?”

राग आला मला. पण त्यांना बोलायचा हक्क होता. अप्पांनी चोवीस वर्षं परभणी-जालना अप-डाऊन केलं, सरकारी कचेरीत कारकून म्हणून. खिशात पास, पिशवीत डबा आणि वाचनालयाचं पुस्तक. त्यांच्या गाडीच्या डब्यात एक पद्धत होती. अप्पा मोठ्यानं वाचायचे आणि समोरचे दहा-बारा जण ऐकायचे. सेलूला गाडी थांबली की अप्पा पुस्तक मिटायचे. तिथून चढणारे चार-पाच ठरलेले लोक बसले, की त्यांच्यासाठी मागचं दोन वाक्यांत सांगायचे आणि मगच पुढं जायचे. लहानपणी एकदा मी त्यांच्यासोबत गेले होते. पत्ते खेळणारेही पत्ते खाली ठेवून ऐकत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

“गाडी लेट झाली तर लोक वैतागायचे नाहीत?” मी विचारलं.

“वैतागायचे की! मग मी म्हणायचो, गाडी लेट हाय? मग अजून एक प्रकरण!”

मी तिथंच वही ओढली. मथळा झाला: ‘गाडी लेट आहे? मग अजून एक प्रकरण.’ परिचयही अप्पांनीच घडवला म्हणा ना. “मानवत रोडच्या फुडं रेंज जातीय, ते आधी सांग,” म्हणाले. म्हणून मी लिहिलं, की पुस्तक घरीच डाउनलोड करून घ्या, मग रेंज नसली तरी चालेल. जिथं थांबलात तिथूनच पुन्हा सुरू होईल. डोळे थकले तर ऐका, गलका वाढला तर वाचा. आणि सेलूचंही घातलं: ‘आमच्या डब्यात एक जण वाचायचा, बाकीचे ऐकायचे. सेलूला चढणाऱ्यांसाठी तो थांबायचा.’

कंपनीतल्या संपादक बाईंना परिचय फार आवडला. त्यांचा फोन आला. “वडिलांच्या आवाजातच परिचय ठेवू या का? फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. मात्र मजकूर फायनल झाल्यावरच.”

अप्पांचा आवाज तेव्हा घोगरा झाला होता. दोन महिने आम्ही हळद-दूध आणि खडीसाखर करत बसलो होतो. आमची अक्कल! मग डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची होती, छत्रपती संभाजीनगरला.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणजे मला कुणी फसवलं नाही, कुणी अंधारात ठेवलं नाही. तीन आठवड्यांनी हा आवाज जाणार हे मला ठाऊक होतं आणि परिचय वाचायला एक मिनिट लागत होतं.

अप्पा तर रोज तयार. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे, जणू रेकॉर्डिंगमध्ये शर्ट दिसणार होता. “आज हाय का?” विचारायचे.

“अजून फायनल नाही अप्पा. मथळा अडकलाय.”

आमच्या धंद्यातली ही सवय. मजकूर पक्का झाल्याशिवाय आवाज घ्यायचा नाही, नाहीतर एक शब्द बदलला की पुन्हा सगळं करावं लागतं. मी ती घरातही पाळत बसले. आणि मथळा खरंच अडकला होता. कंपनीत कुणाला वाटलं, ‘लेट’ शब्द नकारात्मक आहे. कुणाला ‘प्रकरण’ म्हटलं की भानगड वाटली. मी नवे सात मथळे दिले. त्यातले दोन निवडून अर्ध्या लोकांना एक, अर्ध्यांना दुसरा दाखवून बघायचं ठरलं. परिचयातून सेलू काढलं, ‘मधल्या स्टेशनावर’ घातलं. मी भांडले. अप्पांच्या सेलूसाठी मी फोनवर अर्धा तास भांडले, आणि त्याच वेळी अप्पा पलीकडच्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

मग दवाखान्यातून फोन आला. एक जागा रिकामी झाली होती, परवाच भरती व्हा. आमची धावपळ सुरू झाली. कागद, रिपोर्ट, आईचा रडवेला चेहरा, कपड्यांची पिशवी. भरती झाल्यावर पलंगावर बसून अप्पांनी विचारलं, “तुझं ते फायनल झालं का?”

“नाही हो अप्पा. नंतर बघू.”

नंतर! मी हा शब्द त्यांच्या तोंडावर बोलले. त्यांनी मान हलवली आणि आईला म्हणाले, “पोरीला जेवायला घाल.” मी ऐकलेलं त्यांचं शेवटचं वाक्य तेच.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला भोक पडलं, श्वास तिथूनच. अप्पा वहीत लिहून बोलू लागले. दहाव्या दिवशी संपादक बाईंचा निरोप आला. चाचणीत दोन्ही नवे मथळे पडले होते आणि सगळ्यांचं एकमत होऊन पहिलाच मजकूर पक्का झाला होता. ‘गाडी लेट आहे? मग अजून एक प्रकरण.’ खाली सेलूही परत आलं होतं. एक अक्षर बदललं नव्हतं. जे पहिल्या दिवशी माझ्या वहीत होतं, तेच. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून मोठ्यानं रडले. बाईंना खरं कळवलं. मग त्यांनी पुण्यातल्या एका कलाकाराकडून परिचय वाचून घेतला.

तपासणीसाठी आम्ही पुन्हा गाडीनं निघालो, तेव्हा पान सुरू झालं होतं. मी अप्पांच्या कानात इअरफोन घातले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग वही काढली.

‘चांगला वाचतो. सेलूपाशी जरा घाई करतो.’

खाली थोडी जागा सोडून लिहिलं: ‘माझं कुठं हाय का?’

मी सगळा फोन आधीच धुंडाळला होता. लग्नातले व्हिडिओ होते, त्यांत बँडबाजा. एक आवाजी निरोप होता, त्यात ते फक्त खोकले होते. मी मान हलवून नाही म्हटलं. अप्पांनी वही मिटली आणि माझ्या हातावर दोनदा थोपटलं. त्यांनी चिडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

सेलू आलं. माणसं चढली, जागा शोधून बसली, ज्यानं त्यानं आपापला मोबाइल काढला. गाडी मात्र हलेना. अप्पांनी बोटानं खूण केली, पुन्हा लाव. मी लावलं.

तो परका माणूस त्यांच्या कानात बोलत होता, आणि अप्पांचे ओठ हलत होते. आवाज अर्थातच नव्हता. सेलूच्या वाक्यावर ते थांबले, चढलेल्या माणसांकडं एकवार पाहिलं, आणि मग पुढचं म्हणू लागले.