सेफ्टी व्हॉल्व दोन, काले

नीलिमा चिटणीस माझ्या समोरच्या टेबलावर बसायची. बडोद्याच्या रावपुऱ्यात, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची कचेरी. कारखान्यांचे बॉयलर तपासायचे, दुरुस्त करायचे, हे आमचं काम. मी ड्रॉइंग काढायचे आणि नीलिमा इंग्रजी लिहायची. नुसतं इंग्रजी लिहायला पगार मिळतो, याचा मला सुरुवातीला भारी राग यायचा.

तिच्या घराण्यातले लोक संस्थानाच्या काळात सरकारी खलिते लिहायचे, असं ती सांगे. मी म्हणायचे, "चिटणीसबाई, तुमचा खलिता झाला असेल तर जरा चहा सांगा." ती हसायची नाही. एम. ए. झालेली, चाळिशीला टेकलेली, सरळ रेषेत भांग पाडणारी बाई. लग्न केलं नाही. का, हे विचारायची कचेरीत कोणाची छाती नव्हती.

तिचं खरं काम होतं गुणवंतभाईंना मजकूर करून देणं. गुणवंतभाई आमचे साइटवरचे इंजिनियर. बॉयलरच्या पोटात शिरून बाहेर आले की काय बिघडलंय ते बिनचूक सांगणारे. पण लिहायचं म्हटलं की बोटं अडायची. कंप्यूटरवर मेसेंजर आल्यापासून त्यांची चैन झाली. साइटवरच्या गेस्ट हाउसमधून ते गुजराती इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे, तीन तीन शब्दांचे तुकडे. एक वाक्य चार खिडक्यांत. मध्येच "ना ना, ए नहीं." मध्येच एखादा हसरा चेहरा.

नीलिमा ते सगळे तुकडे आधी छापून घ्यायची आणि पेन्सिलीने प्रत्येक मागणीला खूण करायची. कोणी, काय, कधीपर्यंत. नंतरच्या तुकड्याने आधीचा खोडला असेल तर आधीचा काढायचा. "सोमवारे" असेल तिथे तारीख घालायची. दिवस दिलेलाच नसेल तर आपल्या मनाने घालायचा नाही, "दिवस ठरलेला नाही, कृपया कळवा" असं लिहायचं. मग एकच मेल जायची, आणि मेल वाचून कारखान्यातल्या साहेबांना वाटे की गुणवंतभाई म्हणजे काय पल्लेदार इंग्रजी लिहितात! एकदा दहेजकडचे एक साहेब त्यांना प्रत्यक्ष भेटले तेव्हा बिचारे गोंधळूनच गेले.

गुणवंतभाई हे सगळीकडे सांगायचे. "मारी भाषा नीलिमाबेन पासे छे," म्हणायचे. नीलिमा तेवढ्यापुरती लाल व्हायची. आता सांगायला हरकत नाही, मला तिचा थोडा हेवा वाटायचा.

दोन हजार चारच्या मार्चमध्ये, एका शुक्रवारी पहाटे आमचे मालक मोहनराव यांना फोन आला. दहेजजवळच्या एका कारखान्याच्या गेस्ट हाउसमध्ये गुणवंतभाई झोपेतच गेले. हृदय.

दहा वाजता आम्ही सगळे कचेरीत जमलो. काम करायचं की नाही हे कोणी बोलत नव्हतं. मोहनराव कारखान्याशी, पोलिसांशी, गाडीवाल्याशी फोनवर बोलत होते. नीलिमाने सवयीने कंप्यूटर चालू केला. मला तो आवाज अजून ऐकू येतो. टुंग. टुंग. टुंग. आदल्या संध्याकाळी ती घरी गेल्यावर आलेले, तिच्या येण्याची वाट बघत थांबलेले निरोप एकावर एक उघडत होते. प्रत्येकावर गुणवंतभाईंचं नाव.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. पण तेव्हा माझ्या हातातली पट्टी खाली पडली. मोहनराव फोन तसाच धरून उभे राहिले. आवाज थांबला तरी आम्ही अजून एकाची वाट बघत होतो.

नीलिमाने ते छापले.  मी मागे जाऊन वाचलं.

"नीलिमाबेन, प्लांटवाळाने मेल करजो."

"फीड पंपमां अवाज छे. बेअरिंग मंगावे, सोमवार पहेलां."

"पाणीनो रिपोर्ट शनिवार सुधी."

"ना, शुक्रवार सांजे."

"सेफ्टी वाल्व २ काले."

"ऑपरेटरनी सही लेवी."

"रविवार सवार पहेलां स्टीम नहीं."

"घरे कहेजो काले आवुं छुं."

शेवटच्या ओळीवर नीलिमाने पेन्सिल ठेवली. मग म्हणाली, "ही मेलची नाही. ही माझ्याकडे राहू दे."

मेल त्याच दिवशी जायला हवी होती. रविवारी सकाळी बॉयलर पेटणार होता. नीलिमाने फोन केला तर कारखान्याचे इंजिनियर क्षितिज शहा पंचनाम्यातच अडकलेले. "बेन, लेखी पाठवा. मी मेलप्रमाणेच पुढचं करीन," एवढं बोलून त्यांनी ठेवला.

ती लिहायला बसली, आणि पाचव्या तुकड्याशी अडली.

मोहनरावांना काही अडचण दिसत नव्हती. "सेफ्टी व्हॉल्व दोन, काल. बुधवारी बदलला. लिही आणि मोकळी हो."

"मोहनराव, हे गुजराती आहे. काले म्हणजे काल नाही."

"मग?"

"काल पण, उद्या पण. क्रियापद असतं तर कळलं असतं. ते त्यांनी टाकलंच नाही."

मोहनराव मराठी कानाने ऐकत होते, इतकंच. जन्म बडोद्यात गेला, बाजारात फर्डं गुजराती बोलतात, पण मनात वाचताना माणूस घरच्याच भाषेत वाचतो. मीसुद्धा "काल" असंच वाचलं होतं.

दोन नंबरचा व्हॉल्व अडकतोय, हे मंगळवारच्या मेलमध्ये गेलेलं होतं. वाफेचा दाब वाढला की तो आपोआप उघडून वाफ बाहेर सोडतो. अडकला तर त्याचा भार पहिल्यावर, आणि पहिलाही दगा देईल तर बॉयलरपाशी उभ्या असलेल्या माणसांचं काय होतं ते मला सांगवत नाही. नवीन व्हॉल्व गुणवंतभाई बरोबर घेऊन गेले होते. बसवला होता की बसवायचा होता, हे सांगणारा माणूस गाडीत आडवा होऊन बडोद्याकडे येत होता.

"गुणवंतने काम अर्धवट टाकलं असेल असं वाटतं तुला?" मोहनरावांचा आवाज चढला. "आज? तो गेला त्या दिवशी त्याच्यावर शंका काढून कारखान्याला मेल लिहायची?"

नीलिमाचे डोळे भरले. "मी शंका नाही काढत. मला माहीत नाही, एवढंच लिहिते."

"आजवर त्याचं सगळं नीट करून लिहिलंस ना? आजच मेली काय अडचण आली?"

हे त्यांनी बोलायला नको होतं. तिला ते लागलं, मला दिसलं. एवढी वर्षं तिने गुणवंतभाईंच्या तुटक्या बोलण्याला अंगरखा शिवला होता आणि आज शेवटचा अंगरखा उसवलेला ठेवायचा होता. मला वाटलं, ती मोहनरावांचं ऐकेल. ऐकलं असतं तर मी तिला बोल लावला नसता, खरं सांगते.

ती सावकाश लिहायला लागली. विषयाच्या ओळीतच लिहिलं: रविवार, चौदा मार्चला स्टीम देण्याआधी आपलं उत्तर हवं. आत सगळ्यात वर व्हॉल्व. गुणवंतभाईंचे शब्द अवतरणात, जसेच्या तसे, इंग्रजी अक्षरांतलं गुजराती. खाली: हा निरोप अकरा मार्चच्या संध्याकाळचा आहे. याचा अर्थ दहा मार्चला बदलला असा होतो, किंवा बारा मार्चला बदलायचा असाही होतो. कोणता, ते आम्हाला माहीत नाही. दोन नंबरवरच्या पट्टीवरचा क्रमांक वाचून कळवा. नव्याचा क्रमांक हा. उत्तर येईपर्यंत बॉयलर पेटवू नका. त्याखाली बाकीचं: पाण्याचा अहवाल आजच, शुक्रवार बारा मार्चच्या संध्याकाळपर्यंत, रविवार सकाळपूर्वी स्टीम नाही, बेअरिंग सोमवार पंधरा मार्चच्या आत, ऑपरेटरची सही, दिवस दिलेला नाही, कृपया ठरवून कळवा. शनिवार कुठेही नव्हता.

मोहनरावांनी उभ्यानेच वाचलं. बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, "पाठव," आणि गॅलरीत निघून गेले.

शनिवारी दुपारी क्षितिज शहांचा फोन आला. नीलिमाने स्पीकर लावला. व्हॉल्व जुनाच होता. नवीन खोक्यातच, गुणवंतभाईंच्या हत्यारांच्या पिशवीमागे पडलेला सापडला. "झालं असेल असंच आम्ही धरून चाललो होतो," ते म्हणाले, आणि त्यांचा श्वास फोनमध्ये ऐकू येत होता. व्हॉल्व बसवून, तपासून, मगच त्यांनी रविवारी स्टीम दिली.

 ती मेल मोहनरावांनी स्वतःच्या हाताने छापून फाइलला लावली. मी बघितलंय.

नीलिमा मात्र त्यानंतर बदलली. मेसेंजरच्या यादीत गुणवंतभाईंचं नाव राखाडी होऊन राहिलं, ते तिने काढलं नाही. सकाळी कंप्यूटर लावला की हात मांडीवर ठेवून बसायची, काही वाजत नाही याची खात्री होईपर्यंत. कधी कधी कोणा दुसऱ्याचा निरोप आला की दचकायची. आम्ही आवाज बंद करून दिला. ती परत चालू करायची.

तेराव्यानंतर ती मला म्हणाली, "चल. एक निरोप राहिलाय."

गुणवंतभाईंचं घर वाडी भागात. त्यांच्या बायकोने, उषाबेनने, आम्हाला बसवलं, पाणी दिलं. खुर्चीवर त्यांचा चष्मा होता. तो उचलून तिथे बसायचं कोणाला सुचलं नाही. लोकांनी काय काय कानावर घातलं असावं, कारण पहिलाच प्रश्न तिने व्हॉल्वचा विचारला. "वाल्व ए भूली गया हता?"

"ना, उषाबेन," नीलिमा म्हणाली. "दुसऱ्या दिवशी बदलणार होते. लिहून ठेवलं होतं त्यांनी. म्हणून तर वाचलं सगळं."

उषाबेनने पदर तोंडाला लावला. मग नीलिमाने पर्समधून तो कागद काढला नाही, उद्या येतोय हा निरोप तोंडानेच सांगितला, त्यांच्याच शब्दांत. "घरे कहेजो, काले आवुं छुं. गुरुवारी संध्याकाळी लिहिलं होतं. मला शुक्रवारी सकाळी मिळालं."

 तक्रार म्हणून नाही, साधंच सांगितल्यासारखं उषाबेन म्हणाली, "मोडुं कह्युं, बेन. में ते दिवसे कशुं रांध्युं ज नहोतुं."

उशिरा सांगितलंत. ते येणार होते त्या दिवशी मी काहीच रांधलं नव्हतं.

नीलिमाने मान खाली घातली. एकाही मागणीला उशीर न होऊ देणारी बाई ती. परत येताना लहरीपुऱ्याच्या गर्दीत ती माझा हात धरून चालत होती, आणि तो हात तिने रिक्षात बसल्यावरही सोडला नाही.