कॉम्प्रेसरवाल्याला दिलेला नकार

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब प्रार्थनेत डोळे मिटून उभे होते, सगळी मंडळी शांत होती आणि माझ्या पर्समध्ये फोन वाजला. वाजला म्हणजे काय, ढोलताशा. मी तो बंद करायला पर्समध्ये हात घातला तर हाताला चष्म्याचं घर, किल्ल्या, खोकल्याच्या गोळ्या, सगळं लागलं, फोन सोडून. पाळकसाहेब थांबले. माझा नवरा सरकून जरा लांब बसला.

फोन कॉम्प्रेसरवाल्याचा होता.

नागापूरच्या एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी खरेदी बघते. मशिनला हवा पुरवणारा आमचा कॉम्प्रेसर जुना झालाय. तो बसला की सगळं वर्कशॉप बसतं. वर्कशॉपच्या मालकांना, म्हणजे आमच्या साहेबांना, नवीन घ्यायचा होता, म्हणून त्यांनी एका विक्रेत्याकडून कोटेशन मागवलं. कोटेशन आलं आणि मग लक्षात आलं की नवीन मोठा कॉम्प्रेसर चालवायला विजेचा जादा लोड लागतो, आणि आमचा लोडचा अर्ज वीज कंपनीत नुसता पडलेला आहे. म्हणजे खरेदी होणार नव्हती. एवढी सरळ गोष्ट. ती त्या माणसाला सांगायची सोडून साहेब म्हणाले, "बघू."

आमच्याकडे धंद्यात कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. ते उद्धटपणाचं समजतात. चहा पाजायचा, घरची विचारपूस करायची आणि "बघू, पुढच्या महिन्यात" म्हणायचं. ऐकणाऱ्यानं त्यातून काय ते समजून घ्यायचं. हा बिचारा काही समजून घेत नव्हता. कोल्हारकडचा माणूस, मनमाड रोडनं मोटरसायकलवर फिरायचा. पुढचा महिना लागला की पहिल्या आठवड्यात दारात हजर. "इकडूनच चाललो हुतो ताई, म्हणलं डोकवावं." हातात घरच्या पेरूंची पिशवी. पेरू लई गोड असायचे, हीच तर पंचाईत होती. पेरू खाऊन माणसाला हाकलायचं कसं?

शिवाय रोज सकाळी मोबाईलवर गुलाबाच्या फुलासकट शुभ सकाळ. मग "मॅडम, काही झालं का?" दुपारी फोन. मी साहेबांकडे बघायची. साहेब हातानं खूण करायचे, बाहेर गेलोय म्हणून सांगा. समोर बसलेले असायचे, डबा खात.

सोमवारी मी तावातावानं साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "रविवारी फोन करायला त्याला कुणी सांगितलं?"

"मीच," साहेब म्हणाले. "म्हटलं रविवारी निवांत बोलू. म्हणजे आठवडा तरी शांत जाईल."

"आणि तोही माझ्याच नंबरवर?"

"माझा दिला असता तर मला आला असता ना."

माझं डोकं असं फिरलं! म्हटलं, आजच्या आज त्याला नाही म्हणून कळवते. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "तोडू नका हो मॅडम! उद्या हा जुना बसला तर? लोड मंजूर झाला तर? दुसरा कोण आपल्याकडे इतका धावत येतो? तो रुसला तर दर कुणाकडून मागवायचा?"

साहेबांची भीती खोटी नव्हती, हे मलाही कळत होतं. आमच्यासारख्या लहान गिऱ्हाइकाकडे मोठे डीलर ढुंकून बघत नाहीत. माणूस गेला तर वर्कशॉपचं नुकसान होतं, आणि राहिला तर माझा रविवार जात होता. म्हटलं, तोडत नाही, पण थांबवते.

जेवणाची सुट्टी खर्ची घालून मी मेसेज लिहिला. "नमस्कार. तुमचं कोटेशन नीट पाहिलं, आभार. सध्या आम्ही नवीन कॉम्प्रेसर घेत नाही. विजेचा जादा लोड मंजूर झाल्याशिवाय घेता येणार नाही आणि मंजुरी कधी येईल ते आमच्या हातात नाही. म्हणून हे कोटेशन बंद झालं असं समजावं. तोवर फोन, मेसेज किंवा भेटीची तसदी घेऊ नये. मंजुरी आली की किती हवा आणि किती दाब लागेल ते लिहून मी स्वतः तुमच्याकडे नवीन दर मागेन. इतरांकडूनही मागवू, त्यामुळे ऑर्डरचा शब्द आत्ता देत नाही."

साहेबांनी चष्मा लावून वाचलं. "फार कोरडं झालंय. 'सकारात्मक विचार चालू आहे' घाला."

"विचार चालू नाही."

"मग 'लवकरच' तरी घाला."

"लवकरच घातलं की तो उद्या येईल."

"शेवटी 'संपर्कात राहू' एवढं?"

"साहेब," मी म्हटलं, "संपर्कात राहायचं नाही, यासाठीच तर लिहितेय."

मी पाठवून टाकला. लगेच दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. चहा झाला, पाळी सुटली, तरी उत्तर नाही. साहेब दोनदा येऊन "रुसला वाटतं" म्हणून गेले. मलाही कसंतरीच झालं. पेरू आठवले. घरी जाताना बसमध्ये मेसेज आला, "समजलं ताई. धन्यवाद." गुलाब नव्हता.

त्यानंतर खरोखर काही आलं नाही. सकाळ शुभ आहे का नाही, माझं मला ठरवावं लागायचं. साहेब अधूनमधून जुन्या कॉम्प्रेसरजवळ उभे राहून त्याचा आवाज ऐकायचे आणि माझ्याकडे बघायचे.

पावसाळा सरता सरता लोड मंजूर झाला. शब्द दिला होता, तसा मी त्याला मेसेज केला: हवा इतकी, दाब इतका, नवीन दर द्यावा. आणखी दोघांनाही पाठवला. त्या दोघांचं आठवडाभर काही उत्तर नाही. कॉम्प्रेसरवाला दुसऱ्या दिवशी कोटेशन घेऊन हजर, पिशवीसकट.

मी म्हटलं, "मला वाटलं तुम्ही रागावला असाल."

"राग कशाचा? ताई, तुमच्या 'बघू'वर मी हापिसात दर महिन्याला सांगायचो, ही ऑर्डर येतीय. दर महिन्याला शिव्या खायचो. तुमचा मेसेज दाखवला, मग सुटलो." मग जरा हसून म्हणाला, "त्या रविवारी तर पोरीचं बारसं हुतं. साहेब म्हणले हुते ना रविवारी निवांत बोलू, म्हणून मांडवामागं जाऊन फोन लावला. पाळण्याजवळ सगळे माझ्यासाठी थांबले हुते."

साहेब पेरूला मीठ लावत होते. त्यांचा हात थांबला. मला तर चर्चमध्ये मी त्याला मनात काय काय बोलले होते, ते सगळं आठवलं आणि फार वाईट वाटलं.

साहेबांनी कोटेशन वाचलं. तोंड उघडलं, ओठ मिटले, 'बघू'चा 'ब' अगदी ओठांवर आलेला मी पाहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मंगळवारी फोन करतो," ते म्हणाले. "मी करतो. हो का नाही ते सांगतो."

मंगळवारी त्यांनी खरंच स्वतः नंबर लावला. घसा खाकरला. "हो," म्हणाले. "ऑर्डर तुम्हाला."

पलीकडचं ऐकलं. मग साहेबांनी फोन माझ्यापुढे धरला, चेहरा पडलेला.

"तुम्हाला मागतोय. म्हणतो, जरा ताईंना द्या."

मी फोन घेतला. "ताई," तो हळूच म्हणाला, "साहेब हो म्हणले. खरं हाय का?"

"खरं आहे," मी म्हटलं.

"मग लिहून घेतो," तो म्हणाला.