फोटोतल्या तराजूचं अक्षर

रत्नागिरीत आमचं तराजू दुरुस्तीचं परवान्याचं दुकान होतं. ऐंशीच्या दशकात मी तिथे दिवसभर वडिलांच्या हाताखाली काम करायचो. धाकटी बहीण शाळेत शिकवायची, सुटीच्या दिवशी दुकानात येऊन बसायची. तरी बारीक काम आलं की वडील भिंग तिच्याच हातात द्यायचे. माझ्या पोटात दुखायचं.

एका रविवारी राजापूरहून काजूगराचा व्यापारी आला. त्याचा भाऊ मुंबईत एक जुना तराजू घेणार होता, त्या तराजूचा फोटो त्याने आणला होता. लोखंडी दांडी, साखळ्यांना टांगलेली दोन पारडी.

"काजूगराला चालेल का, एवढंच सांगा."

वडिलांनी भिंग बहिणीला दिलं. मीही वाकलो. दांडीवर ५० किलो वाचता येत होतं, पुढचं अचूकतेच्या वर्गाचं अक्षर पुसट होतं.

"सी वर्ग आहे. चालेल," मी बोलून टाकलं.

"दादा, अक्षर झिजलंय. डी असला तर?" ती शांतपणे म्हणाली. "डी वर्गाला चूक जास्त माफ असते. तो भंगार, लाकूडफाटा अशा मालाला. काजूगराला सी हवा. आणि पडताळणीचा शिक्का कधीचा, तेही फोटोत दिसत नाही." मग व्यापाऱ्याला म्हणाली, "भावाला लिहा, अक्षरावर पातळ कागद धरून पेन्सिल घासायची आणि तो कागद आम्हाला पाठवायचा."

आठवड्याने पाकीट आलं, तेव्हा दुकानात मी एकटाच होतो. कागदावर स्वच्छ डी उमटला होता. मी पाकीट खणात वजनांखाली सारलं.

तीन दिवसांनी व्यापारी स्वतः आला. "भाऊ उद्या तराजू ट्रकात चढवतोय. कागद आला काय?"

नाही म्हणता आलं असतं. मी खण उघडला. वडिलांनी कागद पाहिला आणि त्याला म्हणाले, "हा घेऊ नका."

संध्याकाळी बहिणीने पाकीट उलटसुलट केलं. "टपालाचा इथला शिक्का तीन दिवसांपूर्वीचा आहे."

"मला सी हवा होता," मी म्हणालो.

"कळलं मला." वडिलांना तिने काही सांगितलं नाही. त्याचाही मला राग आला.

महिन्याभराने व्यापारी सी वर्गाचा नवा तराजू घेऊन आला. वजनमापे निरीक्षकांच्या पडताळणीआधी आम्ही तो तपासला. दोन्ही पारड्यांत पन्नास-पन्नास किलोची वजनं मी चढवली, मग अदलाबदल केली. दोन्ही वेळा दांडी सरळ राहिली. मग थोड्याशा फरकानेही काटा हलतो का हे बघायला तिने एका पारड्यात लहानसं वजन ठेवलं, काटा हलला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. वडिलांनी मान डोलावली, तिच्याकडे बघून. घामाने माझा सदरा पाठीला चिकटला होता.