तिसरीच बाई

वैजयंताला एका जागी बसवणं म्हणजे उकळत्या दुधावर झाकण ठेवणं. केबिन रोडच्या मागच्या बिल्डिंगीत नव्यानेच राहायला आलेली ही बाई पत्ते हातात घेऊनसुद्धा पायाचा अंगठा हलवतच राहायची. आणि दर गोष्टीत एकच पालुपद: "ह्यांना विचारून सांगते." सीतारामरावांना विचारल्याशिवाय तिने कधी पडद्याचं कापडही घेतलं नव्हतं.

उर्मिलाच्या घरी सोमवारी दुपारी कॅनास्टा हा पत्त्यांचा खेळ चाले. उर्मिला आणि दुर्गा एका बाजूला, मनोरमाताई आणि वैजयंता दुसऱ्या. घरात दिवसभर भिंतींशी बोलणाऱ्या वैजयंताला त्या टेबलाभोवतीची खुर्ची म्हणजे जीव की प्राण होती.

ती खुर्ची गेल्या सोमवारी जवळजवळ गेलीच. हातातले पत्ते संपवता येत होते, त्यासाठी लागणारा सारख्या सात पत्त्यांचा कॅनास्टाही लागलेला होता. पण तिने मनोरमाताईंना विचारलं, "आउट होऊ का?" विचारायची सक्ती नसते, पण विचारलं की पार्टनरचं उत्तर बंधनकारक. ताईंची नजर टाकलेल्या पत्त्यांच्या गोठवलेल्या ढिगावर होती; तो त्यांना उचलायचा होता. "नको," त्या म्हणाल्या. झक मारत वैजयंताने राणी टाकली. उर्मिलाच्या हातात दोन राण्या होत्याच. तिने सगळा ढीग उचलला आणि सामना संपला.

"परत हरलो तर तुझ्या जागी शेजारच्या कृतिकाला बसवते," ताईंनी तोंडावर सांगितलं.

आज पुन्हा तीच वेळ. दोन्ही बाजू पाच हजारांच्या, म्हणजे जिंकण्याच्या, उंबरठ्यावर होत्या. दुर्गाने ढिगावर दुरी टाकून तो गोठवला होता. आता वरच्या पत्त्याची अस्सल जोडी हातात असेल त्यालाच तो उचलता येणार. जोकर किंवा जोकरसारखी कुठेही लागणारी दुरी चालणार नाही. वैजयंता आणि ताईंचा राजांचा कॅनास्टा पुरा होता, दोन दुऱ्या घालून का होईना. शेजारी चार नव्व्या मांडलेल्या. वैजयंताच्या हातात एक राजा आणि एक चौका.

तिने पत्ता ओढला. नव्वी!

समोर ताई ढिगाकडे अशा बघत होत्या की विचारलं तर उत्तर ठरलेलंच. ओठांवर शब्द येऊन थांबले. तिने राजा कॅनास्टावर ठेवला, नव्वी नव्व्यांना लावली, चौका टाकला आणि रिकामे हात टेबलावर पसरले.

"आउट."

ताईंच्या हातात सहा पत्ते अडकले. दोन तर जोकर! त्यांचेच शंभर गुण वजा. तरी बेरीज पाच हजार तीस झालीच. उर्मिला-दुर्गा मागेच राहिल्या.

"अगं, मला विचारायचं तरी!" ताई तडकल्या.

"गेल्या सोमवारी विचारलं होतं ना, ताई."

दुर्गा फिस्सकन हसली. उर्मिला म्हणाली, "पुढचा सोमवार माझ्याकडे जमणार नाही गं. कुणाकडे बसायचं?"

"माझ्याकडे," वैजयंता म्हणाली. "तीन वाजता या."