चांदणीचा रकाना

संप विरून गेला, गिरणीने बाबांना पुन्हा कामावर घेतलंच नाही, आणि बऱ्याच वर्षांनी गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज निघाले. तोवर बाबा गेले होते. अर्ज आईच्या नावाने करायचा होता. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतून बाहेर पडायची तिला दुसरी वाट नव्हती.

आमच्या चाळीत सगळ्यांचे अर्ज तळमजल्यावरचे मास्तर भरत. अक्षर मोत्यासारखं, पण एकाला लिहिलं तेच सगळ्यांना. 'राजीनाम्याची तारीख' या रकान्यापुढे चांदणी होती, म्हणजे भरणं सक्तीचं. मास्तर सरसकट संप सुरू झाल्याची तारीख टाकत होते. आईने त्यांच्या हातातलं पेनच धरलं.

"तेंनी राजीनामो दिल्यानीच नाय," ती म्हणाली. "मगे तारीख खयची घालतालास?"

मास्तर समजुतीने म्हणाले, वहिनी, चांदणी आहे, काहीतरी टाकावंच लागतं. माझं डोकंच फिरलं. काहीतरी काय काहीतरी? स्वतःच्या हाताने नोकरी सोडली, असं लिहून द्यायचं? नातेवाईक आयुष्यभर हेच बोलत आले होते. मी अर्ज ओढून घेतला आणि त्या रकान्यात ठसक्यात आडवी रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत अर्ज घेण्याच्या खिडकीवर अडीच तास उभं राहिल्यावर अर्ज परत आला. कारकून म्हणाला, रेघ म्हणजे कोरा, आणि चांदणीचा रकाना कोरा चालत नाही. आजचा शेवटचा दिवस. आईचा चेहरा उतरला. मला स्वतःच्याच मुस्कटात मारावीशी वाटली, कारण मास्तरांना एवढं सुनावलं, पण अर्जाची मागची बाजू मीही वाचली नव्हती.

तिथेच बाकावर बसून वाचली. बारीक टायपात सूचना होती: माहिती लागू नसल्यास 'लागू नाही' असे लिहून कारण द्यावे. मी रेघेवर काट मारली, आईला शेजारी सही करायला लावली आणि वर नीट लिहिलं.

कारकून म्हणाला, तारीखच पाहिजे. मी अर्ज उलटा करून सूचनेवर बोट ठेवलं आणि हलले नाही. मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी आतून साहेब आले. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "लागू नाही. राजीनामा दिलेला नाही. संपानंतर गिरणीने कामावर परत घेतले नाही." मग म्हणाले, बरोबर आहे, घ्या.

शिक्का बसला, पोच मिळाली. मागे उभे असलेले आमच्या चाळीतले दोघं आपापल्या अर्जावरची तारीख खोडायला पेन मागू लागले. मी विजयी वीरासारखी आईला चल म्हटलं, पण ती खिडकी सोडेना.

"सायबानू," ती म्हणाली, "ता राजीनाम्याचा परत एकदा वाचा."

साहेबांनी वाचलं. आईने मान ताठ करून सगळ्या रांगेकडे एकदा बघितलं, आणि मगच ती निघाली.