तीन ते सहा, फुटबॉल बंद

सेट परीक्षेत मी दोनदा आपटले, त्याला अभ्यासक्रम जबाबदार नव्हता, फुटबॉल होता. फुटबॉलवेड्या शिवाजी पेठेत लग्न करून आल्यावर दुसरं काय होणार! दुपारी अभ्यासाला बसायचं आणि पेठेच्या टीमची मॅच लॅपटॉपवर बघत उठायचं. कॉलेजात प्राध्यापक म्हणून कायम व्हायचं तर ही परीक्षा सुटायलाच हवी होती.

तिसऱ्या वेळी मी लॅपटॉपमधली होस्ट्स फाईल उघडली; कुठल्या साईटचं नाव कुठल्या पत्त्यावर न्यायचं, हे तिच्यात लिहिता येतं. स्कोअरच्या साईटचं नाव लिहून तिला लॅपटॉपच्याच पत्त्यावर वळवलं, म्हणजे साईट सापडूच नये. तरी ती उघडली, कारण www लावलेलं नाव वेगळं लिहावं लागतं. तेही लिहिलं. मग चेव येऊन व्हिडिओची साईटही घातली, तर माझ्या सरांची लेक्चरंही गायब. या फाईलला साईटचं फक्त नाव कळतं, आतलं पान कळत नाही. शेवटी ती ओळ काढली आणि ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमध्ये नियम केला: तीन ते सहा व्हिडिओ साईट बंद, लेक्चरांचे पत्ते तेवढे चालू. होस्ट्स फाईल बदलायचा पासवर्ड नवऱ्याला मला न सांगता नवा टाकायला लावला, मोबाईल सासूबाईंकडे दिला.

सासूबाई म्हणजे पेठेच्या टीमच्या कट्टर चाहत्या. गोल हुकला की त्यांचा आवाज शेजारच्या गल्लीत जातो. त्या मोबाईलवर मॅच बघणार आणि मी वर सराव पेपर सोडवणार, असं ठरलं.

नेमकी फायनल रविवारी, परीक्षेच्या आधीच्या. नवरा मॅच बघायला मैदानावर. अर्धा पेपर झाला आणि गल्लीत फटाके वाजले. आमच्या गल्लीत दोन्ही टीमची माणसं राहतात, त्यामुळे गोल कुणाचा हे काही कळेना. होस्ट्स फाईल माझ्या हातात नव्हती, पण एक्स्टेन्शन दोन क्लिकमध्ये बंद करता आलं असतं. बोट तिथवर गेलंही. खालून मात्र चकार शब्द येत नव्हता. सासूबाई गप्प म्हणजे आपण हरलो, असं मनाशी म्हटलं, स्वतःवरच चिडले आणि पेपर पुरा केला. आठवड्यानं परीक्षा दिली आणि पास झाले, त्यात या चिडचिडीचा वाटा मोठा आहे.

सहाला खाली गेले. सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मोबाईल टीव्हीजवळ पालथा पडलेला. काय झालं, म्हणून विचारलं.

"मला काय म्हाईत? बघितलंच न्हाय," त्या म्हणाल्या.

एवढ्या वर्षांत त्यांनी फायनल सोडलेली मला आठवत नव्हती. डोळे भरून आले ते लपवायला मेथीची जुडी ओढून घेतली.

"मी वरडले असते तर तुझं ध्यान गेलं असतं की," त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. "लाव आता. पहिल्यापासनं."